कोरडं किती घ्यायचं? सोया वड्या, सुकी मशरूम आणि सुका मेवा भिजवण्याचा हिशोब

पाककृतीत लिहिलेलं असतं, 'भिजवून पिळलेल्या सोया वड्या ३०० ग्रॅम'. दुकानातून आणलेलं पाकीट असतं २०० ग्रॅमचं, कोरडं. सगळं पाकीट भिजवलं तर जवळजवळ निम्म्या वड्या उरतात आणि दोन दिवस सगळ्यांच्या डब्यात सोयाच जातो. सुक्या मशरूमचं उलटं होतं. ५० ग्रॅमची पिशवी मोठी दिसते, पण शिजल्यावर भाजीत मशरूम शोधावी लागतात. सुक्या मेव्याच्या बाबतीत तर बहुतेक जण मापाच्या फंदात पडतच नाहीत, मूठभर टाकतात आणि मग शिऱ्यातला बेदाणा कडक का राहिला याचा विचार करतात.

तिन्हींचं गणित एकच आहे, पण 'पट' वेगवेगळी आहे, आणि ती वेगळी का आहे हे कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

आधी गणित

कोरडा पदार्थ भिजून किती पट जड होतो ती त्याची पट. १०० ग्रॅमचे २७० ग्रॅम झाले तर पट २.७. हातात किती भिजवलेला माल हवा हे ठरलं की उलटं जायचं:

कोरडं वजन = हवं असलेलं भिजवलेलं वजन ÷ पट

३०० ग्रॅम पिळलेल्या वड्या हव्यात, पट २.७, म्हणजे कोरड्या वड्या साधारण १११ ग्रॅम.

यात फसायला होतं ते 'भिजवलेलं वजन' या शब्दांत. पाण्यातून नुसतं काढलेलं, चाळणीत निथळलेलं आणि हाताने पिळलेलं, या तिन्ही वजनांत खूप फरक असतो. सोयाच्या बाबतीत तर तो इतका मोठा आहे की एकाने 'चौपट होतं' म्हणावं आणि दुसऱ्याने 'अडीचपटच होतं' म्हणावं, आणि दोघंही बरोबर असावेत. म्हणून पट सांगताना कोणत्या अवस्थेची ते सांगायलाच हवं. माझा नियम साधा आहे: पदार्थ ज्या अवस्थेत कढईत जाणार, त्या अवस्थेतलं वजन धरायचं. वड्या पिळून जातात, तेव्हा पिळलेलं. मशरूम हलक्या हाताने दाबून जातात, तेव्हा दाबलेलं. मेवा निथळून जातो, तेव्हा निथळलेला.

पुढे दिलेले आकडे सुरुवातीला वापरायचे. पण वड्यांची कंपनी बदलली, मशरूम दुसऱ्या शेतकऱ्याकडून घेतली की पट बदलते. म्हणून नव्या पाकिटातले ५० ग्रॅम एकदा मोजून भिजवा, काढा, वजन करा आणि आलेली पट डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. २० ग्रॅमवर ही चाचणी करू नका. घरगुती वजनकाटा एखाद्या ग्रॅमने इकडेतिकडे होतोच, आणि २० ग्रॅममध्ये एक ग्रॅम म्हणजे पाच टक्के चूक. वाटीच्या मापावर तर अजिबात जाऊ नका. मोठ्या वड्यांच्या वाटीत निम्मी हवा असते, छोट्या वड्यांच्या त्याच वाटीत माल बराच जास्त बसतो, आणि दोन्ही पाककृतींत लिहिलेलं असतं 'एक वाटी'.

सोया वड्या: पिळण्यावर सगळं अवलंबून

सोया वडी तेल काढून घेतलेल्या सोया पिठापासून बनते. ते पीठ ओलं करून, तापवून, दाबाखाली बारीक तोंडातून बाहेर ढकलतात. बाहेर पडताच आतल्या पाण्याची वाफ होते आणि वडी फुगून सच्छिद्र बनते. भिजवताना पाणी आधी या छिद्रांत शिरतं, आणि मग हळूहळू प्रथिनांच्या भिंतींमध्ये मुरतं. छिद्रांतलं पाणी पिळून निघतं, भिंतींतलं निघत नाही. पिळण्याने पट इतकी का बदलते, याचं कारण हेच.

१०० ग्रॅम कोरड्या मोठ्या वड्यांचे आकडे साधारण असे धरा: पाण्यातून काढून नुसत्या निथळल्या तर ३५० ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही थोड्या जास्त. दोन्ही तळव्यांत धरून बेताने दाबल्या तर २७० ते ३००. अगदी घट्ट पिळल्या तर २२० ते २५०. रोजच्या भाजीसाठी मी २.७ ची पट धरते. तळून कुरकुरीत करायच्या असतील तर घट्ट पिळायच्या आणि २.३ धरायची, नाहीतर तेल उडतं.

कृती अशी. १०० ग्रॅम वड्यांना निदान ६०० मिली पाणी उकळा, घरी पाण्याची ददात नसेल तर लिटरभर. पाण्यात चमचाभर मीठ घाला. खळखळ उकळी आली की वड्या टाका, पाचेक मिनिटं मध्यम आचेवर ठेवा, गॅस बंद करून झाकण घाला आणि आणखी दहा मिनिटं तसंच राहू द्या. वड्या तरंगतात, त्यामुळे मध्ये एकदा खालीवर करा. मग चाळणीत ओतून वरून गार पाणी सोडा, हाताला सोसेल इतक्या गार झाल्या की पिळा. पुन्हा गार पाण्यात बुडवून पुन्हा पिळा.

हे पहिलं पाणी फेकून द्यायचं. सोयाचा जो कच्चट, उग्र वास येतो तो देणारे पदार्थ या पाण्याबरोबर बरेचसे निघून जातात. शिवाय पोटात वायू करणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकियोज या साखराही पाण्यात विरघळतात आणि त्यातला काही भाग निघतो. 'पाण्याबरोबर प्रथिनं जातात' अशी शंका काही जण घेतात. थोडीफार विरघळणारी जातात, पण वडीतली बहुतेक प्रथिनं बनवतानाच्या उष्णतेने घट्ट होऊन आतच राहिलेली असतात.

प्रथिनांचा हिशोब मात्र नेहमी कोरड्या वजनावर करायचा. पाकिटावर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लिहिलेली असतात, ती कोरड्या वड्यांची. भिजून त्याच वड्या २७० ग्रॅम झाल्या तरी प्रथिनं तेवढीच, म्हणजे भिजवलेल्या १०० ग्रॅमला जेमतेम १९. जिमला जाणारी मुलं भिजवलेल्या वड्या काट्यावर ठेवून ५२ चा आकडा लावतात आणि खूश होतात. म्हणून माणशी माप कोरड्यातच सांगणं चांगलं. मुख्य भाजीत सोयाच असेल तर माणशी ३० ग्रॅम, पुलावात किंवा दुसऱ्या भाजीसोबत असेल तर १५ ते २० ग्रॅम पुरतात.

वडी भिजली की नाही हे बाहेरून दाबून कळत नाही. एक वडी मधोमध कापा. आत फिकट, कोरडा, खडबडीत ठिपका दिसला तर अजून वेळ हवा. गार पाण्यात तासभर ठेवूनही मोठ्या वड्यांत हा ठिपका राहतो, म्हणून गरम पाणीच बरं. दुसरी गडबड होते ती घाई असल्यावर, कोरड्या वड्या थेट टोमॅटोच्या किंवा चिंचेच्या रश्शात टाकल्याने. सोयाची प्रथिनं आंबट पाण्यात कमी पाणी धरतात, साधारण ४.५ च्या पीएचला तर सगळ्यात कमी. टोमॅटो-चिंचेचा रस्सा त्याच्याच आसपास असतो. वडी अर्धा तास शिजते तरी चिवटच राहते. आधी साध्या पाण्यात भिजवा, आंबट नंतर. तसंच कोरड्या वड्या आधी तेलात परतू नका. तेलाचा थर बसला की पाणी आत जायला वेळ लागतो.

पिळलेली वडी रश्शात गेली की पुन्हा पाणी पिते. २.७ वर असलेली वडी शिजताना ३.२-३.३ पर्यंत जाते. म्हणजे १०० ग्रॅम कोरड्या वड्यांमागे रश्शातलं ५०-६० मिली पाणी गायब होणार. ते आधीच जास्त घाला, नाहीतर वाढायच्या वेळी रस्सा आटून सुकी भाजी झालेली असते. हेच पाणी वडीत मसाला घेऊन जातं, त्यामुळे अर्धवट पिळलेल्या वड्यांची भाजी आतून फिकी लागते.

सोया खिमा, म्हणजे दाणेदार ग्रॅन्युल्स, हा वेगळा प्रकार समजा. दाणा बारीक असल्याने दहा मिनिटांत भिजतो आणि पिळताना हातातून निसटतो. त्याला मोजूनच पाणी घालायचं: १०० ग्रॅमला २५० मिली उकळतं पाणी, झाकण, दहा मिनिटं. सगळं पाणी आत जातं, पट ३.५ मिळते, फेकायला काही उरत नाही. वास मात्र सगळा आतच राहतो, म्हणून खिम्याला आलं-लसूण सढळ हाताने लागतं.

सुकी मशरूम: ताज्याशी तुलना कुठे करायची

ताज्या मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, नीट सुकवलेल्या मशरूममध्ये दहा टक्के किंवा कमी. म्हणजे ५०० ग्रॅम ताज्या मशरूममध्ये घन पदार्थ ५० ग्रॅम, आणि तेवढेच घन पदार्थ मिळवायला सुकी मशरूम ५५ ग्रॅम लागणार. इथवर सगळे येतात, आणि मग ५५ ग्रॅम भिजवून वजन केलं की २२० ग्रॅमच भरतात म्हणून चक्रावतात. उरलेलं अर्ध्याहून जास्त वजन गेलं कुठे?

ते परत येतच नाही. सुकताना पेशी आक्रसतात, त्यांच्या भिंती एकमेकांना चिकटतात आणि पाणी मिळालं तरी पहिल्यासारख्या उघडत नाहीत. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, भिजून साधारण चौपट होते. बटण मशरूमचे सुके काप तीन ते साडेतीन पट. शिताके चार ते पाच पट, जाड टोपीची असेल तर पाचकडे झुकतं. चिनी पदार्थांतलं काळं, कानासारखं पातळ मशरूम मात्र सात-आठ पट फुगतं. त्याची १० ग्रॅमची चिमूट मोठा वाडगा भरते, म्हणून ते भिजवताना हात आखडता घ्यावा.

पण चौपट कमी वाटते ती तुलना चुकीच्या जागी केल्यामुळे. ५०० ग्रॅम ताजी मशरूम कढईत टाकून पाणी सुटून आटेपर्यंत परता आणि मग वजन करा. ती अडीचशे-तीनशे ग्रॅमच भरतात. ताटात येतात तेव्हा तीही आक्रसलेलीच असतात. भिजवलेली सुकी मशरूम परतताना फारसं पाणी सोडत नाहीत. म्हणून ताज्या मशरूमची पाककृती सुक्यावर करायची तर कच्च्या ताज्या वजनाला भागिले नऊ करा: ५०० ला ५५, २०० ची पुडी असेल तर २२. भिजलेल्या मशरूमचं वजन कमी दिसलं तरी घाबरून आणखी टाकू नका. चव घन पदार्थांत असते आणि ती तुम्ही पूर्ण टाकलेली आहे, उलट सुकवल्याने वास जास्तच गडद झालेला असतो.

हा भागिले नऊचा हिशोब मशरूम खरोखर कोरडी असतील तरच चालतो. आपल्याकडे पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली की ती दोन दिवसांत नरम पडतात. धिंगरीचा तुकडा वाकवून बघा. कट् आवाज करून तुटला तर ठीक. चामड्यासारखा वाकला तर त्यात वीसेक टक्के पाणी आहे असं धरा, आणि मग ५५ च्या जागी ६२-६३ ग्रॅम घ्यावी लागतील. नरम पडलेल्या मशरूमला बुरशीही लवकर धरते. कुबट वास आला किंवा पांढरट-हिरवट ठिपके दिसले तर भिजवायच्या भानगडीत न पडता टाकून द्या.

भिजवायची पद्धत: आधी कोरडी असतानाच हलवून धूळ झटका, एकदा गार पाण्याखाली पटकन फिरवा. मग मशरूमच्या दहापट पाणी घ्या, म्हणजे ३० ग्रॅमला ३०० मिली. धिंगरी आणि बटणच्या कापांना बोट बुडवता येईल इतकं गरम पाणी, वीस ते तीस मिनिटं. वर बशी उपडी ठेवा, नाहीतर तरंगणाऱ्या बाजूला कोरडे कडक तुकडे राहतात. देठाचा सगळ्यात जाड भाग नखाने दाबून बघा, तो नरम असेल तर झालं.

शिताकेला गरम पाण्याची घाई करू नये. पाकळीसारखी पातळ असेल तर चालेल, पण जाड टोपीची शिताके गार पाण्यात, फ्रीजमध्ये, रात्रभर ठेवावी. हे नुसतं मऊ होण्यासाठी नाही. शिताकेची ती खास, जिभेवर रेंगाळणारी चव ग्वानिलेटमुळे येते. १९५७ साली जपानमध्ये अकिरा कुनिनाका यांनी हे दाखवून दिलं. हे ग्वानिलेट सुक्या मशरूममध्ये थोडंच असतं. भिजलेली मशरूम तापवताना, ६०-७० अंशांच्या पट्ट्यात, ते विकरांच्या क्रियेने तयार होतं. कोमट पाण्यात तासन्‌तास ठेवलं तर दुसरी विकरं ते मोडत राहतात. म्हणून गार पाण्यात सावकाश भिजवायचं आणि मग त्याच पाण्यासकट तापवायचं. देठ कडकच राहतात, ते कापून रश्श्यासाठी वेगळे उकळा.

भिजल्यावर मशरूम वरून उचलून काढायची, पातेलं चाळणीत ओतायचं नाही. ओतलं की तळाशी बसलेली माती पुन्हा मशरूमवरच येते. हाताने हलकेच दाबून पाणी त्याच भांड्यात पडू द्या. मग ते पाणी दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवून वरवरचं पातळ फडक्यातून गाळा, शेवटचे दोन चमचे गाळासकट फेका. हे पाणी चहाच्या रंगाचं असतं आणि निम्मी चव त्यात असते. भात, रस्सा, सार, कशातही जाऊ द्या, मात्र उकळूनच.

हिमाचल-काश्मीरची गुच्छी कुणी भेट दिली असेल तर ती उभी चिरून आतल्या पोकळीतली वाळू धुवावी लागते, आणि ती नीट शिजल्याशिवाय खायची नाही. कच्ची किंवा अर्धीकच्ची गुच्छी बाधते. शिताकेही पूर्ण शिजवावी, अर्धीकच्ची खाल्ल्यास काही जणांच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखं पुरळ उठतं. आणि पावसाळ्यात रानातून आणलेली अळंबी ओळखणाऱ्याने दाखवलेली नसेल तर सुकवून ठेवू नका. विषारी अळंबीचं विष सुकवल्याने किंवा उकळल्याने जाईल याची खात्री नसते.

सुका मेवा: पूर्ण भिजवायचाच नाही

इथे सगळ्यात कमी पट मिळते आणि ते योग्यच आहे. द्राक्षात ८० टक्के पाणी, बेदाण्यात १५. नुसत्या हिशोबाने १०० ग्रॅम बेदाण्यांचे ४२५ ग्रॅम व्हायला हवेत. पण रात्रभर भिजवूनही ते १६० ते १८० च्या पुढे क्वचित जातात. पेशी मोडलेल्या असतात, आणि पाणी आत येतं तसतशी साखर बाहेर पडत राहते. जास्त वेळ ठेवलं तर बेदाणा फुगलेला पण पांचट, आणि गोडवा सगळा पाण्यात.

म्हणून मेव्याच्या बाबतीत प्रश्न बदलतो: कशासाठी भिजवताय? शिरा, केक, पुलाव यांत घालायचा तर फक्त कडकपणा जाण्याइतका. बेदाण्यांना कोमट पाण्यात वीस मिनिटं, पट १.२ ते १.२५. चटणी करायची, वाटायचा किंवा चमच्याने खायचा तर सहा-आठ तास, आणि पट बेदाण्यांना १.६, जर्दाळू आणि अंजिरांना १.४ ते १.६. दुकानातला मऊ, ओलसर जर्दाळू आणि लडाखचा कडक तपकिरी जर्दाळू यांत आधीच पाण्याचा बराच फरक असतो. कडक असेल तर पट वरच्या टोकाला धरा. खारीक बी काढून, अर्धी करून मग वजन करा. अख्खी भिजवली तर रात्र पुरत नाही.

पाणी मेव्याच्या वजनाएवढंच घ्यायचं, जास्त नाही. १०० ग्रॅमला १०० मिली, पसरट डब्यात, मध्ये एकदा हलवून. उरलेलं गोड पाणी पदार्थात जाऊ द्या. भिजवताना साखर घालू नका. गोड पाण्यात मेवा पाणी नीट ओढत नाही. दूध वापरायचं असेल तर आधी पाण्यात भिजवा, निथळा आणि दूध गार झाल्यावर घाला. जर्दाळू-आलुबुखाऱ्याचा आंबटपणा गरम दूध हमखास फाडतो.

सांगली-तासगावकडे बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून मग सुकवतात, त्यामुळे सालीवरचा मेणचट थर मोडतो. या पिवळसर बेदाण्यांत पाणी लवकर शिरतं. तशी प्रक्रिया न केलेले, अख्ख्या सालीचे काळे मनुके दुप्पट वेळ घेतात. सोनेरी बेदाणे आणि नारिंगी जर्दाळू यांना रंग टिकावा म्हणून बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेली असते. दम्याचा त्रास असलेल्यांनी पाकिटावर सल्फाइट किंवा सल्फर डायऑक्साइड लिहिलंय का ते बघून घ्यावं.

आठ जण, एक मुक्काम

हे सगळे आकडे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात ते पाठीवर ओझं असतं तेव्हा. समजा गडावर रात्रीचा मुक्काम आहे, आठ जण आहेत. रात्री सोया-धिंगरीचा रस्सा आणि भात, सकाळी भिजवलेला मेवा.

रश्शात माणशी ८० ग्रॅम पिळलेल्या वड्या आणि ४० ग्रॅम भिजलेली मशरूम धरू. वड्या ६४० ग्रॅम, भागिले २.७, म्हणजे २३७. सरळ २४० ग्रॅम कोरड्या भरायच्या. माणशी ३० ग्रॅम झाल्या, प्रथिनं साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास. मशरूम ३२० ग्रॅम, भागिले ४, म्हणजे ८० ग्रॅम कोरडी. ताजी न्यायची म्हटली तर त्याच चवीला ७२० ग्रॅम लागली असती आणि दुपारपर्यंत सॅकमध्ये चेपून काळी पडली असती. मेवा माणशी ६० ग्रॅम भिजलेला, एकूण ४८०, भागिले १.६, म्हणजे ३०० ग्रॅम. तिन्ही मिळून कोरडं ओझं ६२० ग्रॅम, आणि ताटात जवळजवळ साडेचौदाशे.

आता पाणी, कारण गडावर तेच टाक्यावरून भरून आणायचं असतं. धिंगरीला दहापट, म्हणजे ८०० मिली. त्यातलं २४० मिली मशरूम पिणार, ५६० मिली रश्शात जाणार, वाया काही नाही. वड्यांना काटकसरीने सहापट, म्हणजे जवळजवळ दीड लिटर. पिळून झाल्यावर वड्यांत राहणार ४०० मिली, आणि लिटरभराहून थोडंसं जास्त पाणी फेकलं जाणार. घरी हे खटकत नाही, गडावर खटकतं. टाकं लांब असेल किंवा उन्हाळा असेल तर वड्या घरीच ठेवून २४० ग्रॅम खिमा न्या: त्याला ६०० मिली पुरतं आणि सगळं पोटात जातं. खिम्याची पट ३.५ असल्याने तो ८४० ग्रॅम होईल आणि रस्सा दाट होईल, तेवढं लक्षात ठेवायचं. प्रथिनं तीच.

वड्याच नेल्या असतील तर रश्श्याचा हिशोब असा. माणशी दीडशे मिली पातळ रस्सा धरला तर १२०० मिली, वर वड्या पुन्हा पिणार ते दीडशे, मिळून १३५०. मशरूमचं गाळलेलं ५६० मिली आधीच हातात आहे, म्हणजे वरून ८०० मिली घालायचं. वाफेने जाणारं वेगळं, झाकण ठेवलं तर ते फार नसतं. एकच पातेलं असेल तर क्रम महत्त्वाचा: आधी मशरूम डब्यात गरम पाण्याने भिजत घालायची, तेवढ्यात पातेल्यात वड्या उकळून पिळून ताटात काढायच्या, मग त्याच पातेल्यात फोडणी, कांदा, वाटण, मशरूम, वड्या आणि शेवटी मशरूमचं पाणी.

मेवा रात्री झोपण्यापूर्वी ३०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. थंडीत सकाळपर्यंत मस्त राहतो. एप्रिल-मेमध्ये रात्र उबदार असली तर पहाटे डबा उघडताना फसफस होते आणि आंबूस वास येतो, म्हणून त्या दिवसांत पहाटे उठल्यावर कोमट पाण्यात दीड-दोन तासच भिजवा आणि पट १.३-१.४ वर समाधान माना. तेव्हा ४८० ऐवजी चारशे ग्रॅमच होईल, किंवा मग ३५० ग्रॅम भरून न्या.

भिजलेल्या वड्या आणि मशरूम मात्र कोणत्याच ऋतूत रात्रभर बाहेर ठेवायच्या नाहीत. दोन्हींत पाणी आणि प्रथिनं भरपूर, आंबटपणा नाही, म्हणजे जिवाणूंची चंगळ. भिजल्यापासून दोन तासांत त्या चुलीवर चढल्या पाहिजेत. घरी फ्रीजमध्ये पिळलेल्या वड्या दोन दिवस राहतात. बोटाला बुळबुळीत लागल्या किंवा आंबट वास आला की गेल्या. शिताके रात्रभर भिजत ठेवायची ती फ्रीजमध्येच. आणि उरल्या तर वड्या घट्ट पिळून, सपाट पसरून फ्रीझरमध्ये टाका. वितळल्यावर त्या आणखी पाणी सोडतात, तेव्हा पट २.७ ऐवजी २.४ धरून मसाला घाला.